विषय: कार्यकारिणी सभा, रविवार २४ ऑगस्ट २०२५, सकाळी १० ते १२ (विषयपत्रिका, वाचायचे कागद, चार निर्णय)

आदरणीय अध्यक्ष महोदय आणि कार्यकारिणीतील सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या रविवारी, २४ ऑगस्टला, सकाळी ठीक १० वाजता तळमजल्याच्या छोट्या हॉलमध्ये आपली सभा आहे. पोहे-जिलेबी साडेनऊला येतील. जीरावण आणि शेव वेगळी ठेवायला सांगितली आहे. ज्यांना खायचं आहे त्यांनी साडेनऊला यावं. दहाला मी इतिवृत्त वाचायला घेणार, मग कुणाच्या हातात प्लेट असली तरी हरकत नाही.

ही सभा पुढे ढकलता येणार नाही, हे आधीच सांगते. आयकराची दोन कामं तारखेला बांधलेली आहेत आणि दोन्हींना कार्यकारिणीचा ठराव लागतो. पहिली तारीख ३१ ऑगस्ट. त्या दिवशी रविवार आहे आणि घरोघरी गौरी येणार आहेत. गणपती २७ ला बसतात, म्हणजे फॉर्म सोमवारी २५ लाच गेला पाहिजे. दुसरी तारीख ३० सप्टेंबर. आपण अकरा जण आहोत, कोरम सहाचा आहे. येणार की नाही, ते गुरुवार २१ तारखेपर्यंत या मेलला उत्तर देऊन कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा मी हजेरी म्हणून धरत नाही, मागच्या वेळी आठ अंगठे होते आणि माणसं पाच.

शैलाताई पुण्याला लेकीकडे आहेत. त्या व्हिडिओवरून ऐकतील, बोलतील. पण आपल्या नियमावलीत लांबून मत देण्याची तरतूद नाही, त्यामुळे त्यांना कोरममध्ये धरता येणार नाही. त्यांच्याशी तसं बोलणं झालं आहे.

कागद पाच आहेत, सगळे या मेलला जोडले आहेत. बापूकाका आणि अध्यक्ष महोदयांना छापील प्रती मंगळवारपर्यंत घरी मिळतील.

कागद १: २० जुलैच्या सभेचं इतिवृत्त, २ पानं.
कागद २: छताची तीन कोटेशनं आणि माझा तुलनेचा तक्ता, ७ पानं. तक्ता शेवटच्या पानावर आहे, आधी तोच वाचा.
कागद ३: २०२४-२५ चे हिशेब आणि सीएंची टीप, ९ पानं. वेळ नसेल तर पान १ आणि पान ८ एवढं तरी वाचाच.
कागद ४: नोंदणी नूतनीकरणाची टीप आणि ठरावाचा मसुदा, २ पानं.
कागद ५: हॉलच्या भाड्याचा प्रस्ताव, १ पान.

जुलैत आपण अडीच तास बसलो. त्यातला पाऊण तास ताळेबंद मोठ्यानं वाचण्यात गेला, आणि खुर्च्या निळ्या घ्यायच्या की मरून यावर त्याहून जास्त. ठराव एकही झाला नाही. म्हणून या वेळी सभेत कागद वाचले जाणार नाहीत, वाचलेत असं धरूनच सुरुवात होईल. आकड्यांबद्दल शंका असतील तर शुक्रवार २२ च्या संध्याकाळपर्यंत खजिनदार विवेकरावांना फोन करा. ते सातनंतर मोकळे असतात.

विषय १. १०:०० ते १०:०५. हजेरी, कोरम, मागील इतिवृत्त कायम करणे.

दुरुस्ती असेल तर ती आधी मेलवर पाठवा.

विषय २. १०:०५ ते १०:४५. वाचनालयाचं छत. निर्णय हवा: कोणतं कोटेशन स्वीकारायचं.

हा विषय हिशेबाच्या आधी ठेवला आहे, कारण छताचा आकडा ठरल्याशिवाय पुढच्या विषयातला ठराव नीट लिहिता येत नाही.

मागच्या आठवड्यातल्या पावसात मासिकांच्या कपाटांपाशी चार बादल्या लागल्या. बांधीव दिवाळी अंकांची खालची रांग भिजली. आमच्या ग्रंथपालबाई दोन दिवस पानापानांत टिपकागद घालत बसल्या होत्या. पंखा लावला तर पानं फाटतात, न लावला तर बुरशी धरते, म्हणून पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवला होता. सभेआधी पाच मिनिटं काढून वर जाऊन या. गच्चीचा पश्चिमेकडचा पन्हाळीचा पाइप पिंपळाच्या मुळांनी भरला आहे आणि पाणी तिथेच तुंबतं. २०२३ मध्ये आपण वरून रंगासारखा लेप मारून घेतला होता. तो दोन पावसाळे टिकला.

गच्ची ३,२०० चौरस फूट आहे. तिन्ही कोटेशनं १८ टक्के जीएसटीसह अशी पडतात. पहिलं ६,४१,९२० रुपये: पुन्हा लेपच, हमी ३ वर्षं. दुसरं ८,११,८४० रुपये: जुना कोबा काढून नवा घालायचा, उतार पन्हाळीकडे करून द्यायचा, चारही पाइप बदलायचे, हमी ७ वर्षं. तिसरं ९,४४,००० रुपये: हेच सगळं आणि वर मेंब्रेन, हमी १० वर्षं. माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे. दुखणं उताराचं आहे, लेपानं उतार बदलत नाही. मेंब्रेन चांगलं, पण त्यावर चालणं-फिरणं जपून करावं लागतं आणि आपल्या गच्चीवर कोजागिरीला दीडशे माणसं बसतात. आपलं मत वेगळं असेल तर जरूर मांडा, चाळीस मिनिटं त्याचसाठी ठेवली आहेत.

काम दसऱ्यानंतर, ६ ऑक्टोबरला सुरू करावं असं सुचवते. म्हणजे यंदाची कोजागिरी गच्चीवर होणार नाही, ती खालच्या हॉलमध्ये. त्याची नाराजी माझ्या नावावर टाका.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. तिघांपैकी एक ठेकेदार आपल्या एका सदस्यांचे पुतणे आहेत. त्या सदस्यांनीच मला हे आपणहून सांगितलं, आणि या विषयापुरतं बाहेर बसतो असंही म्हणाले. इतिवृत्तात तशी नोंद होईल. यात कुणावर अविश्वास नाही, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद असावा एवढंच.

विषय ३. १०:४५ ते ११:१०. हिशेब आणि रक्कम राखून ठेवणे. निर्णय हवा: हिशेब मंजूर करणे, आणि ११,५१,००० रुपये राखून ठेवण्याचा ठराव.

गोष्ट अशी आहे. धर्मादाय संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नाचे किमान ८५ टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्च करायचे असतात. आपलं उत्पन्न ४८,६०,००० रुपये झालं: हॉलचं भाडं २१,४०,०००, देणग्या १७,८५,०००, व्याज ६,१०,०००, सभासद वर्गणी ३,२५,०००. त्याचे ८५ टक्के म्हणजे ४१,३१,०००. खर्च झाला २९,८०,०००. फरक ११,५१,०००. तो राखून ठेवायचा तर फॉर्म १० भरावा लागतो. त्यात कारण नेमकं लिहावं लागतं आणि रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षांत त्याच कारणासाठी खर्च करावी लागते. नाहीतर तिच्यावर कर.

एवढा फरक पडला कसा? मार्चमध्ये एका जुन्या सभासदांच्या कुटुंबानं त्यांच्या स्मरणार्थ १२ लाखांचा चेक दिला. आपण हार घातला, फोटो काढला, पावती दिली. पण ‘ही रक्कम कायम निधीत जमा करावी’ असं एका ओळीचं पत्र घ्यायचं राहिलं. ते असतं तर ही रक्कम या हिशेबात धरावीच लागली नसती. नंतर मागून आणलेल्या पत्राचा आधार घेऊ नये, असं सीएंचं स्पष्ट मत आहे, आणि मलाही तसं पत्र मागायला जायची लाज वाटेल. चूक माझ्या कार्यालयाची आहे. १ सप्टेंबरपासून पावतीपुस्तकासोबत त्या पत्राचा छापील नमुना ठेवला जाईल.

ठरावाचा मसुदा: ‘वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नातील ११,५१,००० रुपये वाचनालयाच्या इमारतीची छत-दुरुस्ती आणि दुर्मिळ ग्रंथ व नियतकालिकांचं जतन व स्कॅनिंग यांसाठी ३१ मार्च २०३० पर्यंत राखून ठेवण्यात यावेत.’ दुसरं कोटेशन धरलं तर स्कॅनिंगसाठी ३,३९,१६० रुपये उरतात. ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ अशी मोघम ओळ चालणार नाही, म्हणून कृपा करून ती सुचवू नका. पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहतील. कुठे जास्त व्याज मिळतं हा विषय इथे नको.

विषय ४. ११:१० ते ११:२०. आयकर नोंदणीचं नूतनीकरण. निर्णय हवा: अर्ज करण्यास मंजुरी आणि सहीचे अधिकार.

आपली १२एबी आणि ८०जी, दोन्हींची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते. अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, फॉर्म १०एबीमध्ये करायचा. यंदाच्या वित्त कायद्यातल्या बदलामुळे आपल्यासारख्या, पाच कोटींच्या आतल्या संस्थांना १२एबी नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांसाठी मिळू शकते. सहीचे अधिकार अध्यक्षांना द्यावेत असा प्रस्ताव आहे. त्यांची डिजिटल सही जूनमध्येच संपली आहे, ती शनिवारपर्यंत नवी करून घेते.

विषय ५. ११:२० ते ११:३५. हॉलचं भाडं. फक्त चर्चा.

दिवसाचं भाडं ६,००० चं ८,००० करावं, सभासदांसाठी ५,००० ठेवावं असा विवेकरावांचा प्रस्ताव आहे. मत घेणार नाही, कल अजमावू.

विषय ६. ११:३५ ते ११:४५. वार्षिक सर्वसाधारण सभा. निर्णय हवा: तारीख.

१४ सप्टेंबर सुचवते. पितृपक्ष आहे, ठाऊक आहे. पण २१ ला सर्वपित्री अमावास्या, २८ ला नवरात्र, आणि ऑक्टोबरमध्ये गेलो तर गच्चीचं काम नि दिवाळी. हिशेब वाचायला पितरांची हरकत नसावी. चौदा दिवसांची सूचना ३१ ऑगस्टच्या आत जायला हवी, तेव्हा तारीख सभेतच ठरू द्या.

विषय ७. ११:४५ ते १२:००. अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय.

खर्चाचा कोणताही विषय इथे घेऊ नये ही विनंती. खुर्च्यासुद्धा.

आपली,
मीनल
सचिव

ता.क. समोरचा रस्ता खोदलेला आहे, चारचाकी मागच्या गल्लीत लावावी. आणि वर बादल्या बघायला जाल तेव्हा जिन्याची तिसरी पायरी जपून, ती ओली असते.