विषय: डाय बदलण्याची तयारी मशीन थांबण्याआधी करून बघण्याबाबत

नमस्कार साहेब,

१०० टनी प्रेसवर डाय बदलताना मशीन साधारण ५० मिनिटं थांबतं. बराचसा वेळ स्टोअरमधून डाय आणणं, बोल्ट नि पाने शोधणं यातच जातो. परवा एका टी-बोल्टसाठी लाइन उभी होती. आधीची बॅच चालू असतानाच ही तयारी झाली, तर थांबा ३० मिनिटांवर येईल, असा माझा अंदाज आहे. घाईत बोट चेमटण्याचा धोकाही कमी होईल. मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

खर्च ट्रॉली आणि पान्यांच्या जादा सेटचा, सुमारे ९,००० रुपये. पण आधी खरेदी नको. सोमवारपासून आठवडाभर, फक्त पहिल्या शिफ्टला, मेंटेनन्सची जुनी ट्रॉली वापरू. वेळा मी रोज फळ्यावर लिहीन. शनिवारपर्यंत परवानगी मिळावी.

सुपरवायझर, प्रेस शॉप