विषय: विंडोज ११ च्या अपडेटनंतर बंद पडलेली मशीन पूर्ववत करण्याबाबत (सोमवार, १६ जून २०२५, दुपारी १२)

प्रति: बाणेर मुख्य कार्यालय, चाकण प्लांट, अंबड युनिट आणि शिरोली डेपोतील सर्व कर्मचारी

नमस्कार,

सकाळपासून आयटी हेल्पडेस्कचा फोन लागत नाही अशी तक्रार बहुतेक सगळ्यांचीच आहे आणि ती खरी आहे. म्हणून सविस्तर लिहितो आहोत. हा मेल बरेच जण फोनवरच वाचणार. शिफ्ट सुपरवायझरनी कृपया याची एक प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावावी. प्रिंटर बंद असेल तर कॅन्टीनशेजारच्या टाइम ऑफिसमधला चालू आहे.

आधी थोडक्यात परिस्थिती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो, म्हणून शनिवारी रात्री कंपनीतल्या सर्व मशीनवर विंडोज ११ पाठवले गेले. चाचणी ज्या लॅपटॉपवर झाली त्यांच्यात व्हीपीएनची नवी आवृत्ती होती. प्लांट आणि डेपोतल्या बऱ्याच मशीनवर मात्र जुनीच आहे. या जुन्या आवृत्तीचा एक ड्रायव्हर नेटवर्कच्या वाटेत बसलेला असतो आणि त्याचे विंडोज ११ शी जमत नाही. परिणामी काही मशीनवर नेट गेले, काही सुरूच होत नाहीत. ईआरपी, मेल आणि फाइल सर्व्हर व्यवस्थित चालू आहेत. बिघाड फक्त तुमच्या टेबलावरच्या मशीनमध्ये आहे. पुढचे अपडेट पाठवणे आम्ही रविवारीच थांबवले आहे.

पण मशीनला नेटच नसेल तर दुरुस्ती आम्ही इथे बसून पाठवू शकत नाही. प्रत्येक मशीनवर कोणाचा तरी हात लागणार, आणि तो बहुतेक ठिकाणी तुमचाच असेल.

आधी हे करू नका

Reset this PC ला हात लावू नका. दुरुस्तीच्या पडद्यावर हा पर्याय सगळ्यात वर दिसतो आणि नावावरून अगदी निरुपद्रवी वाटतो. त्यातला Remove everything निवडला तर मशीनवरचे सगळे जाते. सकाळी एका मशीनवर हे थोडक्यात वाचले आहे.

Disk Cleanup चालवू नका, आणि C ड्राइव्हमधला Windows.old हा फोल्डर "उगाच जागा खातोय" म्हणून काढू नका. तुमचे जुने विंडोज १० त्यातच आहे. तो गेला की मागे फिरण्याचा रस्ता बंद, मग मशीन कोरे करून सगळे पहिल्यापासून टाकावे लागेल.

आणखी एक. हा फोल्डर विंडोज स्वतःच १० दिवसांनी काढून टाकते. ज्या मशीनवर नेट आहे तिथे ही मुदत आम्ही ६० दिवसांपर्यंत वाढवली आहे, पण नेट नसलेल्या मशीनपर्यंत तो बदल पोचलेला नाही. त्यामुळे खालील काम सोमवार, २३ जूनच्या आत झालेच पाहिजे. रजेवर असलेल्या सहकाऱ्यांचे लॅपटॉप घरी असतील तर त्यांना हे फोन करून सांगा, मेल ते वाचतीलच असे नाही.

मशीन सुरू होते, पण नेट किंवा व्हीपीएन नाही

सर्वाधिक तक्रारी याच प्रकारातल्या आहेत आणि हे काम सोपे आहे. आधी खात्री करा. विंडोजचे बटण आणि R एकत्र दाबा, हे टाइप करा आणि एंटर दाबा:

```
winver
```

Windows 11 आणि 24H2 दिसले तर पुढे जा. Windows 10, 22H2 दिसले तर तुमच्या मशीनवर अपडेट पोचलेलेच नाही, अडचण वेगळी आहे. तिकीट टाका.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि तुमच्याकडे दुपारी वीज जात असेल तर सकाळी करा. उघड्या फाइल सेव्ह करून बंद करा. मग Settings उघडून System, त्यात Recovery, आणि तिथले Go back दाबा. कारण विचारेल, काहीही निवडा. अपडेट तपासू का असे विचारेल, तिथे No, thanks. पुढे दोनदा Next, आणि शेवटी Go back ने सुरू होणारे बटण. अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला तर हेल्पडेस्कला फोन करा. त्या मशीनपुरता, एकदाच चालणारा पासवर्ड सांगू.

यानंतर मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. एसएसडी असेल तर साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. स्टोअरमधल्या जुन्या डेस्कटॉपना बराच जास्त. पडदा काळा राहिला म्हणून पॉवर बटण दाबू नका. चहा घेऊन या, जेवून या, पण मशीन मध्येच तोडू नका.

सुरू झाल्यावर लॉगिन शनिवारच्या आधीच्या पासवर्डने करा. रविवारी किंवा आज कोणी पासवर्ड बदलला असेल तर परत आलेल्या विंडोज १० ला तो नवा पासवर्ड नेटवर्कशी जोडले जाईपर्यंत माहीत नसतो. शनिवारनंतर टाकलेले प्रोग्राम आणि बदललेल्या सेटिंग जातील. फाइल राहतात.

मशीन सुरूच होत नाही, निळा पडदा येतो

दोनदा अपयशी झाल्यावर मशीन स्वतःच Automatic Repair नावाचा पडदा दाखवते. तो आला तर Advanced options निवडा, मग Troubleshoot, पुन्हा Advanced options, त्यात Uninstall Updates आणि शेवटी Uninstall latest feature update. इथे डोळे उघडे ठेवा, कारण शेजारीच latest quality update आहे आणि तो आपल्याला नको आहे. feature या शब्दावर बोट ठेवा आणि मगच दाबा. पडदा आलाच नाही, मशीन नुसते गोल गोल फिरत राहिले, तर प्रयोग न करता आम्हाला कळवा.

वाटेत मशीन बिटलॉकरची ४८ आकडी की मागेल. त्याने घाबरू नका. नेहमीपेक्षा वेगळ्या मार्गाने मशीन सुरू होऊ पाहते आहे असे दिसले की डिस्कवरचे कुलूप ही की मागतेच. तुमच्या नावावरचा लॅपटॉप असेल तर फोनवर myaccount.microsoft.com उघडा, कंपनीच्या मेल आयडीने लॉगिन करा, Devices मध्ये आपले मशीन निवडा आणि View BitLocker Keys दाबा. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर मशीनच्या पडद्यावरच्या Key ID शी जुळणारी घ्या.

प्लांटमधले सामाईक डेस्कटॉप कोणा एकाच्या नावावर नाहीत, त्यांची की आमच्याकडूनच मिळेल. फोन करताना कर्मचारी क्रमांक आणि Key ID ची पहिली ८ अक्षरे तयार ठेवा. की सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. प्रेसशॉपच्या आवाजात फोनवर आकडे नीट ऐकू येत नाहीत, तेव्हा गट बरोबर लिहिला का हे कॅल्क्युलेटरवर लगेच तपासता येते. ती की कागदावर लिहिली असेल तर काम झाल्यावर कागद फाडून टाका. मॉनिटरला चिकटवू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, आज सकाळी दोन ग्रुपवर त्या दिसल्या.

ज्यांचे विंडोज ११ वर सगळे नीट चालू आहे, त्यांनी काहीही करायचे नाही. तुमच्याकडे व्हीपीएन नवे आहे, मागे फिरू नका.

डिस्पॅच आणि अकाउंट्स

चाकण आणि शिरोलीला गेटवर गाड्या उभ्या आहेत हे आम्हाला माहीत आहे. ई-वे बिल काढायला तुमचेच मशीन लागत नाही. ewaybillgst.gov.in हे पोर्टल कोणत्याही चालू मशीनवर ब्राउझरमध्ये उघडते. ओटीपी अकाउंट्सच्या नोंदणीकृत मोबाइलवर येतो, म्हणून अकाउंट्समधली एक व्यक्ती आज रात्री ९ पर्यंत त्यासाठीच फोनजवळ बसणार आहे. भाग ब मध्ये गाडीचा क्रमांक भरल्याशिवाय गाडी सोडू नका.

इन्व्हॉइस मात्र ईआरपीमधूनच करा, आणि एकाच चालू मशीनवरून. दोन ठिकाणी एकच इन्व्हॉइस क्रमांक पडला तर ई-इन्व्हॉइस पोर्टल दुसरा नाकारते आणि मग क्रम जुळवत बसावे लागते. चाकणला यासाठी क्वालिटी लॅबमधली दोन मशीन डिस्पॅचला दिली आहेत. पोर्टलवर हाताने काढलेली ई-वे बिले एका वहीत उतरवून ठेवा, ईआरपीत नंतर नोंदवायची आहेत. २० तारखेला जीएसटीआर-३बी आहे, त्यामुळे अकाउंट्सची मशीन आम्ही सगळ्यात आधी घेत आहोत. बाकीच्यांनी यावर रुसू नये.

फाइल गेल्या का?

Desktop आणि Documents मधले सगळे वनड्राइव्हवर आहे, फोनवरूनही बघता येईल. D ड्राइव्हला अपडेटने हात लावलेला नाही. काळजी फक्त जुन्या आउटलुकच्या PST फाइल C ड्राइव्हवर भलत्याच फोल्डरमध्ये ठेवणाऱ्यांची आहे. तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे. मागे फिरण्याआधी ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मशीन सुरूच होत नसेल तर तिकिटात तसे लिहा, आम्ही आधी फाइल काढू.

खोटे फोन

जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, तेव्हा मदतीच्या नावाने खोट्या साइट आणि खोटे फोन लगेच सुरू झाले होते. आपल्याकडचा प्रकार वेगळा आणि लहान आहे, पण बातमी बाहेर जायला वेळ लागत नाही. आम्ही तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही विचारणार नाही, आणि स्वतःहून फोन करून एनीडेस्क टाका असे सांगणार नाही. शंका आली तर फोन ठेवा आणि तुम्ही स्वतः एक्स्टेन्शन २२४४ ला लावा.

आम्ही कुठे असू

अंबड आणि शिरोलीला प्रत्येकी एक इंजिनिअर आज संध्याकाळपर्यंत पोचेल आणि शनिवारपर्यंत तिथेच राहील. चाकणला आज आणि उद्या तिघे आहेत, दुसऱ्या शिफ्टलाही. बुधवारी देहूहून आणि गुरुवारी आळंदीहून पालखी निघते, शुक्रवारी दोन्ही पालख्या पुण्यात असतील. रस्ते बंद राहणार, त्यामुळे बुधवार ते शुक्रवार बाणेर-चाकण ये-जा धरू नका. चाकणच्या ज्यांना लॅपटॉप बाणेरला आणून द्यायचा आहे त्यांनी उद्या संध्याकाळी ५ पर्यंत आणावा. घरून काम करणारे आणि फिरतीवरचे सेल्सवाले यांनी आधी फोन करावा, बहुतेकांचे काम फोनवरच होईल.

तिकीट टाकताना मशीनच्या पांढऱ्या स्टिकरवरचा अ‍ॅसेट क्रमांक, ठिकाण, शिफ्ट आणि पडद्याचा एक फोटो एवढे द्या. फोटोत बिटलॉकरची की नको. एका मशीनसाठी एकच तिकीट. पाचदा टाकल्याने नंबर वर येत नाही, उलट आम्हाला चार बंद करत बसावे लागते.

२२४४ आज रात्री ११ पर्यंत, उद्यापासून सकाळी ६ ते रात्री ११ चालू राहील. पुढचा मेल उद्या सकाळी १० ला, किती मशीन झाली आणि किती राहिली त्या आकड्यांसह.

आयटी हेल्पडेस्क
मुख्य कार्यालय, बाणेर, पुणे