या आठवड्याचं जेवण आणि खरेदीची यादी

मंडळी, आधी फ्रिज आणि डबे उघडून बघितले, मग यादी केली. अर्धा कोबी, चार गाजरं आणि एक ब्रेड आहे. तांदूळ, मसूर, काबुली चणे भरपूर. आठवडा यावरच बेतलाय. ब्रेड अर्धा फ्रीझरमध्ये टाकलाय. स्लाइस तशाच टोस्टरमध्ये घाला.

सोमवार: पालक-बटाट्याची भाजी, भात. पालक सगळ्यात आधी मान टाकतो, म्हणून त्याचा नंबर पहिला. भात दुप्पट लावा. उरलेला पसरट डब्यात गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायलाच हवा. रात्रभर ओट्यावर राहिला तर सरळ टाका. त्यात जिवाणूंनी विष तयार केलं असेल, तर ते पुन्हा गरम करूनही जात नाही. काटकसर पोटाशी नको.

मंगळवार: तोच भात कोबी, गाजर आणि अंडी घालून परतायचा, चांगला वाफाळेपर्यंत. झोपायच्या आधी चणे भिजत घाला. हे विसरलं की बुधवारी बाहेरून मागवणं आलंच.

बुधवार: टोमॅटोच्या रश्शात चणे, भात. चणे दुप्पट शिजवून अर्धे फ्रीझरमध्ये, डब्यावर नाव आणि तारीख. नाव न लिहिलेला डबा फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतो.

गुरुवार: मसुराचं सूप, टोस्ट. कोबी-गाजराचं उरलंसुरलं सुपातच.

शुक्रवार: मुद्दाम रिकामा. फ्रिजमध्ये जे असेल ते संपवायचं. काहीच नसेल तर अंडी आहेतच. चणे फ्रीझरमधून खाली काढून ठेवा.

शनिवार: तेच चणे, उकडलेले बटाटे. रविवार: ऑम्लेट, टोस्ट. कोणी बाहेर जेवणार असेल तर दुपारपर्यंत सांगा, म्हणजे तेवढंच कमी शिजवू.

आणायचं: पालक 1 मोठी जुडी, टोमॅटो 1 किलो (निम्मे कडक), बटाटे दीड किलो, कांदे 1 किलो, अंडी 12, दूध 2 लिटर, लिंबं 3, केळी 6. केळी तीन पिकलेली, तीन हिरवी घ्या, नाहीतर सगळी एकाच दिवशी काळी पडतात.

आणायचं नाही: तांदूळ, डाळी, ब्रेड, गाजरं. मोठं पाकीट स्वस्त दिसलं तरी किलोमागचा भाव बघा, आणि संपणार नसेल तर तो भावही बघू नका. दुधाची तारीख मागच्या ओळीतल्या पिशव्यांवर पुढची असते, तिथून उचला.

घरी आल्यावर कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, अंधाऱ्या जागी. पालक धुऊ नका, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. बिल फ्रिजच्या दाराला लावा आणि जे काही टाकावं लागेल ते त्याच्या मागे लिहा. पुढची यादी त्यावरून करू.