सल्लागार नियुक्तीचे पत्र

दिनांक : ९ डिसेंबर २०२४
सांगली

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
बेदाणा प्रोड्युसर कंपनी लिमिटेड,
ता. तासगाव, जि. सांगली.

विषय : बेदाणा प्रक्रिया व अन्नसुरक्षा व्यवस्थेसाठी सल्लागार म्हणून काम स्वीकारण्याबाबत – कामाची व्याप्ती, मानधन व कंपनीच्या जबाबदाऱ्या.

महोदय,

२८ नोव्हेंबर रोजी आपल्या कार्यालयात झालेल्या बैठकीत आणि त्यानंतर दोन शेडच्या पाहणीत जे बोलणे झाले, ते दोन्ही बाजूंना पुढे एकाच अर्थाने वाचता यावे म्हणून या पत्रात लिहून देत आहे. पत्रावर दोघांच्या सह्या झाल्यानंतर हाच आपल्यातील करार समजावा. या पत्राशी न जुळणारे आधीचे तोंडी बोलणे कोणावरही बंधनकारक राहणार नाही.

कामाची व्याप्ती

कामाचा कालावधी १ जानेवारी ते ३० जून २०२५ असा सहा महिन्यांचा राहील. या काळात सभासदांच्या अकरा शेडमध्ये आणि कंपनीच्या प्रतवारी-पॅकिंग केंद्रात, द्राक्षे क्रेटमधून उतरल्यापासून बेदाण्याचा बॉक्स कोल्ड स्टोरेजला जाईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याची लेखी कार्यपद्धती मी मराठीत तयार करून देईन. शेडवरील कामगार, मुकादम आणि केंद्रातील निवडाई करणाऱ्या महिला यांचे प्रशिक्षण मी स्वतः, कामाच्या जागीच घेईन. कंपनीच्या सध्याच्या अन्नसुरक्षा परवान्यात केवळ साठवणूक व व्यापार नमूद आहे. धुणे, प्रतवारी व पॅकिंग हे प्रक्रियेचे काम त्यात समाविष्ट करण्यासाठी लागणारी कागदपत्रे आणि फॉसकॉस पोर्टलवरील अर्ज मी तयार करीन. पॅकेटवरील मजकूरही मी तपासून देईन. गंधकाची धुरी दिलेल्या मालात सल्फाइटचे प्रमाण किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर त्याचा उल्लेख लेबलवर करावा लागतो, आणि आपल्या सध्याच्या नमुन्यात तो नाही.

प्रत्यक्ष भेटी एकूण सोळा होतील : जानेवारीत दोन, फेब्रुवारी ते एप्रिल या हंगामाच्या तीन महिन्यांत दरमहा चार, आणि मे व जूनमध्ये प्रत्येकी एक. प्रत्येक भेटीनंतर तीन दिवसांत लेखी अहवाल देईन.

कंपनी कायद्याखालील वार्षिक विवरणपत्रे, लेखापरीक्षण, कर, अनुदानाचे प्रस्ताव आणि खरेदीदार शोधणे ही कामे यात येत नाहीत. बेदाण्याला अमुक दर मिळेल किंवा परवाना अमुक तारखेला हाती येईल अशी हमीही मी देत नाही, कारण दर बाजार ठरवतो आणि परवाना शासनाची यंत्रणा देते.

कंपनीच्या जबाबदाऱ्या

या पत्रातील हा भाग संचालकांनी सर्वांत काळजीपूर्वक वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाहणीच्या वेळी कोल्ड स्टोरेजमधल्या मागील हंगामाच्या एका पंधरा किलोच्या बॉक्सवर फक्त सभासदाचे आडनाव आणि मार्कर पेनाने लिहिलेला 'दोन' हा आकडा होता. ते दुसरे शेड, दुसरी प्रत की दुसरी तोडणी, हे तिथे उपस्थित तिघांपैकी कोणालाही सांगता आले नाही. त्या बॉक्समधला बेदाणा रंगाने व चवीने उत्तम होता. परंतु खरेदीदाराने उद्या औषधाच्या अंशाबद्दल विचारणा केली, तर तो कोणत्या बागेतला हे आपण सिद्ध करू शकणार नाही आणि एका बॉक्सपायी सगळा साठा संशयात येईल.

म्हणून प्रत्येक शेडवर एक नोंदवही आणि ती लिहिणारी एक ठरलेली व्यक्ती कंपनीने ३१ डिसेंबरपूर्वी नेमून द्यावी. लॉट क्रमांक, बागेचा गट क्रमांक, शेवटच्या फवारणीचे औषध व तारीख, बुडवणीची तारीख आणि द्रावणाचे प्रमाण या पाच गोष्टी त्याच दिवशी, त्याच जागी लिहिल्या गेल्या पाहिजेत. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर इथाइल ओलिएट घातले, तर तसेच आकडे लिहावेत. 'नेहमीप्रमाणे' एवढी नोंद मी ग्राह्य धरणार नाही. आठवड्याच्या नोंदी शनिवारी एकदम भरलेल्या आढळल्यास अहवालात तसे स्पष्ट लिहीन, आणि न घडलेल्या कामाची नोंद प्रमाणित करण्याचा आग्रह झाल्यास काम तिथेच थांबवीन.

याखेरीज कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी माझ्याशी संपर्कासाठी जबाबदार राहतील आणि मागितलेली माहिती पाच दिवसांत देतील. पोर्टलचा पासवर्ड व मोबाइलवर येणारा ओटीपी कंपनीच्याच ताब्यात राहावा. अर्ज भरताना अधिकारी माझ्या शेजारी बसतील. नमुने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावेत आणि त्यांचे शुल्क, तसेच परवान्याचे शासकीय शुल्क, कंपनीने थेट भरावे.

मानधन

संपूर्ण कामाचे मानधन १,८०,००० रुपये राहील. त्यापैकी ४५,००० रुपये सहीच्या वेळी आणि उरलेले १,३५,००० रुपये दरमहा २२,५०० रुपयांच्या सहा हप्त्यांत द्यावेत. यावर १८ टक्के जीएसटी वेगळा आकारला जाईल आणि मूळ मानधनावर १० टक्के टीडीएस कंपनी कापून घेईल. म्हणजे मासिक बिलापोटी २२,५०० अधिक ४,०५० वजा २,२५०, असे २४,३०० रुपये माझ्या खात्यात जमा व्हावेत. बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम द्यावी. माझी उद्यम नोंदणी असल्याने विलंबास सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मधील तरतुदी लागू होतील. सांगलीहून येण्याजाण्याचा खर्च मानधनातच धरला आहे. सोळाहून अधिक भेट लागल्यास प्रत्येकी ४,००० रुपये व जीएसटी आकारीन, परंतु त्यासाठी कंपनीची आधी लेखी मागणी असावी.

यंत्रे, रसायने, पॅकिंग साहित्य वा प्रयोगशाळा यांपैकी कोणाकडूनही मी कमिशन घेत नाही आणि या कामात घेणार नाही. मिरज भागातील एका कोल्ड स्टोरेजलाही मी सध्या सल्ला देतो, हे आपणास आधीच माहीत असावे. सभासदांची नावे, उतारा, दर आणि खरेदीदार यांची माहिती तिथे किंवा अन्यत्र कुठेही जाणार नाही. हे बंधन करार संपल्यानंतरही तीन वर्षे राहील.

इतर अटी

कोणत्याही पक्षाला तीस दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल. त्या दिवसापर्यंत झालेल्या कामाचे मानधन देय राहील. तयार केलेल्या कार्यपद्धती व नोंदवह्यांचे नमुने कंपनीच्या मालकीचे राहतील. माझ्या चुकीमुळे नुकसान झाल्यास माझी जबाबदारी प्रत्यक्ष मिळालेल्या मानधनापुरती राहील. अवकाळी पावसाने वा माझ्या लेखी सूचना न पाळल्याने झालेले नुकसान त्यात येणार नाही. मतभेद झाल्यास प्रथम समोरासमोर बसून मार्ग काढू. तसे न झाल्यास सांगली येथील न्यायालयाचे अधिकारक्षेत्र राहील.

वरील बाबी मान्य असल्यास संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत जोडून, सोबतच्या दोन प्रतींपैकी एक प्रत अधिकृत संचालकाच्या सही-शिक्क्यासह २० डिसेंबरपर्यंत परत पाठवावी. एखादी अट खटकत असेल, तर सही करण्यापूर्वी कळवावे. मी तासगावला येऊन मंडळापुढे ती समजावून सांगेन.

आपला विश्वासू,

वि. श. माने
अन्नप्रक्रिया व अन्नसुरक्षा सल्लागार
विश्रामबाग, सांगली

सोबत : पत्राची दुसरी प्रत, शेड नोंदवहीचा नमुना, भेटींचे वेळापत्रक.