टेबल सर्व्हिस प्रात्यक्षिक : परीक्षकाचा शेरा

प्रशिक्षणार्थी : बैठक क्रमांक 14
काम : चार पाहुण्यांचे टेबल, प्लेटेड सर्व्हिस, सूप, मुख्य पदार्थ, गोड, कॉफी
एकूण : 100 पैकी 77

शिष्टाचार : 25 पैकी 21
मांडणी स्वच्छ, कटलरी एका रेषेत. प्लेट उजवीकडून ठेवली, उजवीकडूनच उचलली. यजमानाला शेवटी वाढले. एकदा मात्र पाहुण्यासमोरून हात नेऊन मीठदाणी उचलली.

ऑर्डरची अचूकता : 25 पैकी 14
खुर्ची क्रमांकाप्रमाणे ऑर्डर लिहिली, त्यामुळे "हे कोणाचं?" असे एकदाही विचारावे लागले नाही. पण ऑर्डर परत वाचून दाखवली नाही, आणि तिथेच घोळ झाला. खुर्ची 3 च्या पाहुण्याने सुकामेवा चालत नाही, अ‍ॅलर्जी आहे, असे मुख्य पदार्थ सांगतानाच स्पष्ट सांगितले होते. पहिल्या केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ही सूचना आहे. गोडाच्या केओटीवर नाही. बदाम घातलेली प्लेट साइड स्टेशनवर मीच थांबवली. खऱ्या रेस्टॉरंटमध्ये तिथे परीक्षक उभा नसतो. चमचा चुकीच्या बाजूला ठेवणे आणि ही चूक एका मापाने मोजता येणार नाही, म्हणून इथे सढळ हाताने गुण दिलेले नाहीत.

वेळ : 20 पैकी 15
स्वागत, पाणी, मेनू वेळेवर. सूप 9 मिनिटांत आले. मुख्य पदार्थाला मात्र 19 मिनिटे लागली, कारण सूपचे बाऊल उचलून झाल्यावर तिने किचनला कळवले. पाहुणे सूप संपवत आलेले असतानाच कळवायला हवे होते. मुख्य पदार्थाच्या वेळी दोघे जेवत असताना तिसऱ्याची प्लेट उचलण्याची घाई केली.

पाहुण्यांशी वागणूक : 30 पैकी 27
हा तिचा सर्वांत चांगला भाग. ठरल्याप्रमाणे पाहुणा झालेल्या सहकाऱ्याने सूप गार असल्याची तक्रार केली, तीही जरा चढ्या आवाजात. तिने सबब सांगितली नाही, किचनवर ढकलले नाही. माफी मागून बाऊल उचलला आणि गरम सूपसोबत नवा चमचा आणला. हा चमचा बहुतेक जण विसरतात. दुसऱ्याने चुटकी वाजवून बोलावले, तेव्हा समोरच्या पाहुण्याचे बोलणे पुरते ऐकून, त्याची परवानगी घेऊन मगच वळली. 3 गुण गेले ते किचनला न विचारता "दोन मिनिटांत आणते" म्हटल्याबद्दल.

निर्णय
प्रत्येक विभागात किमान 60 टक्के गुण आवश्यक आहेत. ऑर्डरच्या विभागात 15 हवे होते, 14 मिळाले. एकूण गुण चांगले असले तरी हा एक गुण वाढवून देण्याची शिफारस मी करणार नाही. फक्त हा विभाग पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यावा : सहा पाहुणे, दोन अ‍ॅलर्जी, त्यांपैकी एक ऑर्डर दिल्यानंतर सांगितलेली. प्रत्येक केओटी किचनमध्ये जाण्यापूर्वी परीक्षकाला दाखवावी लागणार नाही. टेबलावर काय पोहोचते एवढेच तपासले जाईल.