पूर्वपरीक्षेच्या पेपरबद्दल मॅडमना पत्र

पंचवटी, नाशिक
19 जानेवारी 2026

विषय: विज्ञान भाग 1 ची उत्तरपत्रिका पुन्हा पाहण्याबाबत विनंती

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

शनिवारी तुम्ही पूर्वपरीक्षेचे पेपर दाखवलेत. मला 40 पैकी 27 मिळाले आहेत. तेव्हाच विचारायला हवं होतं, पण टेबलाभोवती गर्दी होती आणि सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटला. म्हणून लिहून देते आहे.

पहिल्या पानावरच्या बेरजेत प्रश्न 1, 2 आणि 3 चे 9, 8 आणि 10 गुण आहेत. प्रश्न 4 मी पुरवणीवर सोडवला होता. तिथे तुम्ही 4 गुण दिले आहेत, ते बेरजेत आलेले नाहीत. पुरवणीचा दोरा मीच सैल बांधला होता, त्यामुळे ती आतल्या पानांत सरकली होती. चूक माझीच आहे.

दुसरी शंका प्रश्न 3 मधल्या मुक्त पतनाच्या उदाहरणाची. उंचावरून सोडलेला दगड 3 सेकंदांत जमिनीवर पडतो, तर उंची किती? मी s = ½gt² वापरून g ची किंमत 9.8 घेतली आणि उत्तर 44.1 मीटर आलं. नमुना उत्तरात 45 मीटर आहे, म्हणजे तिथे g 10 धरला आहे. मला 3 पैकी 1 गुण मिळाला. पुस्तकातल्या उदाहरणांत 10 घेतात हे मला माहीत आहे, पण तिथे ती किंमत उदाहरणातच दिलेली असते. आपल्या प्रश्नात ती नव्हती, आणि वर्गात तुम्ही 9.8 लिहून दिली होती. (वहीचं पान सोबत आणेन.) तरी याचे गुण द्यायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. पूर्वपरीक्षेचे गुण बोर्डात धरत नाहीत, पण बोर्डाच्या पेपरात g दिला नसेल तर कोणती किंमत घ्यायची, हे मला आत्ताच कळायला हवं.

आणखी एक. प्रश्न 1 मध्ये पाण्याची घनता कोणत्या तापमानाला सर्वांत जास्त असते, याला मी 0 अंश लिहिलं आहे आणि त्यावर बरोबरची खूण आहे. उत्तर 4 अंश हवं होतं. तो 1 गुण कमी करावा. हे लिहू की नको, असा विचार दोन दिवस केला, खरं सांगते.

बाबा म्हणत होते की तेच शाळेत येऊन बोलतील. मी म्हटलं, आधी मॅडमना मीच विचारते.

उद्या मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीबाहेर थांबू का? उद्या तुम्हाला वेळ नसेल तर तुम्ही सांगाल तेव्हा येईन. पेपर तुमच्याकडेच आहे, मी त्यावर काहीही लिहिलेलं नाही.

तुमची विद्यार्थिनी,
दहावी ब, हजेरी क्रमांक 31