आत्या, नव्या फोनात सिम घालताना

आत्या, नवा फोन आला म्हणून दादानं सांगितलं. छान झालं, त्या फुटक्या स्क्रीनवर बोट फिरवताना मलाच भीती वाटायची. दादा आज रात्रीच्या गाडीनं चाललाय, म्हणजे सिम बदलायचं काम तुझ्यावर आलं. बोलून सांगितलं तर निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहून पाठवते. हाच मेसेज काकांच्या फोनवरही टाकलाय, कारण मधे तुझा फोन बंद असणार. त्यांच्या फोनवर उघडून समोर ठेव आणि वाचत वाचत कर.

पहिल्यांदा एक ध्यानात घे. सिमबरोबर फक्त तुझा नंबर आणि सिमवर सेव्ह केलेले नंबर जातात. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, फोटो, आलेले मेसेज, गूगल पे, बँकेचं ॲप हे सगळं जुन्या फोनातच राहतं. म्हणून जुना फोन कुणाला देऊ नको, पुसू नको, एक्सचेंजमध्ये तर अजिबात घालू नको. निदान आठवडाभर तो चार्ज करून कपाटात असू दे.

मिरची डंकावर न्यायच्या दिवशी हे काढू नको. दुपारी जेवणं झाली की निवांत बस. गिऱ्हाइकांना सकाळीच सांगून ठेव, की दुपारी तासभर फोन लागणार नाही.

सिम काढायच्या आधी जुन्या फोनात दोन कामं आहेत. एक व्हॉट्सॲपचं. उजवीकडे वर तीन टिंबं आहेत, त्यातून Settings, मग Chats, मग Chat backup. तिथं हिरवं Back up बटण दाब. घरच्या वायफायवर असताना कर, फोटो जास्त असले तर वेळ लागतो. त्याच पानावर कुठल्या गूगल खात्यात बॅकअप जातोय तो ईमेल दिसतो. तो वहीत उतरवून घे, पासवर्ड आठवतोय का तेही बघ. नव्या फोनात हेच खातं घालायचं आहे, दुसरं घातलंस तर जुन्या ऑर्डरी दिसणार नाहीत.

दुसरं काम नंबरांचं. तुझे कितीतरी नंबर नुसते फोनात सेव्ह असणार, काही सिमवर. फोनच्या Settings मध्ये Accounts, त्यात तुझं गूगल खातं, तिथं Contacts चं सिंक चालू आहे का बघ. बंद असेल तर चालू करून पाच मिनिटं थांब. पण फोनात किंवा सिमवर सेव्ह केलेले नंबर यानं आपोआप वर जात नाहीत. म्हणून तुझी ती निळी वही आहे ना, तिच्यात निदान रोजच्या गिऱ्हाइकांचे आणि मिरचीवाल्या व्यापाऱ्याचे नंबर लिहून ठेव. कागदावर असलेलं कुठं जात नाही.

आता सिम. दोन्ही फोन पूर्ण बंद कर. हात साबणानं धुऊन कोरडे कर. हे मुद्दाम सांगतेय, तुझ्या हाताला तिखट असतंच आणि सिमची सोनेरी बाजू स्वच्छ राहायला हवी. खाली पांढरा रुमाल अंथर, म्हणजे ते नखाएवढं सिम पडलं तरी दिसेल.

नव्या फोनाच्या खोक्यात एक छोटी पिन आहे, कागदाच्या पाकिटात असते. फोनच्या कडेला लांबट चौकोनी रेघ दिसेल, तिला लागूनच बारीक भोक आहे. पिन तिथं सरळ आत दाब, ट्रे आपोआप थोडा बाहेर येतो. फोनच्या खालच्या कडेला चार्जरजवळ आणि वरच्या कडेला एकेकटी भोकं असतात, ती माईकची. त्यात पिन घालू नको, माईक खराब होईल. भोकाजवळ रेघ आहे का, एवढंच बघायचं.

जुन्या फोनातून सिम काढलंस की त्याच्याकडे नीट बघ. सोनेरी भाग जवळपास सगळी जागा व्यापत असेल आणि कडेला प्लास्टिक अगदी नावापुरतं असेल, तर ते नॅनो सिम. तेच नव्या फोनात लागतं. तुझ्या सिमला प्लास्टिकची चौकट लावलेली असू शकते, ती बोटानं दाबून काढ. चौकटीसकट नव्या ट्रेत घालू नको, अडकतं. सिमच्या एका कोपऱ्याला तिरका काप आहे, ट्रेच्या खाचेलाही तसाच आहे. दोन्ही जुळवलं की सिम सपाट बसतं. बसत नसेल तर जोर लावू नको, फिरवून बघ. ट्रेत दोन जागा असतील, तर आकडा १ लिहिलेल्या जागेत घाल. दुसरी जागा बऱ्याच फोनांत मेमरी कार्डासाठीही असते.

सिम मोठं निघालं, तर कोपऱ्यावरच्या दुकानात कटरनं कापून घेऊ नको. जुन्या सिमची चिप थोडी मोठी असते, कापताना गेली तर गेली. कंपनीच्या अधिकृत दुकानात आधार घेऊन जा, नंबर तोच ठेवून नवं सिम देतात. पण एक लक्षात ठेव. असं नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. दूरसंचार विभागाचाच तसा नियम आहे, दुसऱ्यानं तुझ्या नावानं सिम काढून बँकेचे ओटीपी पळवू नयेत म्हणून. त्या दिवशी ओटीपी आला नाही तर घाबरू नको. फक्त लाईट बिलाची शेवटची तारीख त्या दिवशी येऊ देऊ नको. आहे तेच सिम हलवलंस तर हे काहीच होत नाही, नुसतं काढायचं आणि घालायचं.

ट्रे आत सरकव, फोन चालू कर, दोन मिनिटं थांब. वर कंपनीचं नाव आणि दांड्या दिसायला हव्यात. मधल्या खोलीत बसून तपासू नको, तिथं नेटवर्क आधीपासूनच नसतं. सोप्यात ये. सिमचा पिन मागितला आणि तुला तो माहीत नसेल, तर अंदाजे आकडे टाकू नको. तीनदा चुकलं की सिम लॉक होतं आणि मग पीयूके नंबर लागतो. तोही दहादा चुकला तर सिम कायमचं बंद. त्यापेक्षा मला फोन कर.

नेटवर्क आलंच नाही तर फोन एकदा बंद करून चालू कर. तरी नाही आलं तर सिम काढून कोरड्या सुती कापडानं पुसून परत घाल. तरीही नाही, तर तेच सिम जुन्या फोनात घालून बघ. तिथं चाललं तर गडबड नव्या फोनात किंवा ट्रेत आहे. तिथंही नाही चाललं तर सिममध्ये. एवढं कळलं की दुकानात कुणी इकडंतिकडं फिरवू शकत नाही.

नेटवर्क आलं की लगेच व्हॉट्सॲप उघडू नको. आधी या चार गोष्टी बघ: मला कॉल कर. मी उलट कॉल करीन, घंटी वाजते का आणि दोन्हीकडचा आवाज नीट येतो का ते ऐक. मला साधा एसएमएस पाठव, मी उत्तर देते. शेवटी वायफाय बंद करून इंटरनेट चालतंय का बघ. कॉल लागला आणि इंटरनेट नाही, तर Mobile data चालू आहे का पाहा. उलट झालं, म्हणजे इंटरनेट आहे आणि कॉल लागत नाही, तर सिमच्या सेटिंगमध्ये VoLTE चालू कर. जिओचं सिम असलं की कॉल त्याच्यावरूनच जातात.

एसएमएस जाणं-येणं जमल्याशिवाय पुढचं काही होत नाही, म्हणून त्याच्यावर एवढा जोर देतेय.

मग व्हॉट्सॲप. वहीत लिहिलेलं गूगल खातं फोनात आधी घाल, मग ॲप प्ले स्टोअरवरून घे, नंबर टाक, एसएमएसनं आलेला कोड टाक. त्यानंतर Restore असं विचारलं जाईल. ते नक्की दाब. घाईत Skip दाबलंस तर नंतर हा पर्याय सहज पुन्हा मिळत नाही, ॲप काढून परत घालावं लागतं. जुन्या फोनात व्हॉट्सॲप आपोआप बंद पडेल, ते ठीक आहे.

आता पैशाचं, आणि हे सावकाश वाच. गूगल पे नव्या फोनात उघडलं की ते तुझ्या सिममधून आपलं आपण एक एसएमएस पाठवतं. त्यावरून हा नंबर याच फोनात आहे, एवढी त्याची खात्री होते. त्यासाठी रिचार्ज चालू पाहिजे आणि एसएमएसची परवानगी मागितली की Allow करायचं. कुणी तुला तयार मेसेज पाठवून 'हा अमुक नंबरला पुढं पाठवा' म्हणालं, तर पाठवायचा नाही. त्यानं तुझं खातं त्याच्या फोनात उघडू शकतं. यूपीआय पिन जुनाच चालतो. पहिले २४ तास बऱ्याचदा ५,००० रुपयांपेक्षा जास्त पाठवता येत नाहीत, तेव्हा व्यापाऱ्याचे पैसे आदल्या दिवशीच देऊन टाक.

डब्यांच्या फळीवर चिकटवलेला क्यूआर बदलायचा नाही. तो तुझ्या खात्याशी जोडलेला आहे, फोनशी नाही. तरी मी त्यावर एक रुपया पाठवते. बँकेचा मेसेज आला आणि ॲपमध्ये दिसला, की गिऱ्हाइकांना हो म्हण. आणि कुणी 'पैसे पाठवलेत, घ्यायला पिन टाका' म्हणालं तर सरळ फोन ठेव. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

बँकेचं ॲपही नव्यानं नोंदवावं लागेल, ते रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर करू. एकटी करू नको. या दोन दिवसांत 'नव्या फोनात सिम घातलंय, केवायसी करा, नाहीतर बंद होईल' असा फोन आला तर तो खोटा आहे. सिम फोनात हलवल्यावर कसलंच केवायसी लागत नाही. चुकून पैसे गेलेच, तर मला विचारत बसू नको, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लाव.

एक छोटं काम राहिलं. नव्या फोनवर *#06# दाब. पंधरा आकड्यांचे दोन नंबर येतील, ते आयएमईआय. बिलाच्या मागं लिहून ठेव आणि बिलाचा फोटो मला पाठव. फोन चोरीला गेला तर तेच नंबर घालून सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर तो बंद पाडता येतो. महाद्वार रोडच्या गर्दीत दर्शनाला जातेस, म्हणून सांगतेय.

आठवडाभरात फोटो, नंबर, ऑर्डरी सगळं नव्या फोनात सापडलं, की जुना फोन पुसू. त्याआधी त्यातलं गूगल खातं काढावं लागतं, नाहीतर पुसल्यावर तोच पासवर्ड परत मागतो. ते मी आले की करते, पुढच्या शनिवारी येतेय.

सिम घालून फोन चालू झाला की पहिला कॉल मला. तीननंतर मी मोकळीच आहे.